दोन अधिक की चार?

फोटो आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. नणंदेची गाडी पहाटे पाचला सांगलीहून तारकर्लीला निघणार होती. पुतण्याने तोक्योहून आणलेली उन्हाच्या क्रीमची ट्यूब कपाटात पडून होती, ती आता आठवली. खाली संदेश : "अगं, हे सगळं जपानीत आहे. 50 म्हणजे किती तास? आणि ब्रॉड स्पेक्ट्रम कुठेच दिसत नाही. साधं निघालं का हे?"

मी पुण्यात जपानीचं भाषांतर करते. यंत्रांची माहितीपत्रकं हे माझं रोजचं काम. ट्यूब हा प्रकार त्यापेक्षा सोपा, असं मला फोटो उघडेपर्यंत वाटत होतं. फ्लॅश टाकून काढलेला फोटो होता. चंदेरी ट्यूबवर मधोमध पांढरा झोत पडलेला, आणि गोलाईमुळे कडेची अक्षरं पलीकडे वळून गेलेली. एसपीएफ 50+ ठळक दिसत होतं. त्याशेजारी पीए, आणि पुढे अधिकची दोन चिन्हं. जपानी मापात दोन म्हणजे मध्यम, आणि 50+ च्या जोडीला ते मला जरा विचित्रच वाटलं. म्हटलं, "ताई, फ्लॅश बंद करा, ट्यूबलाइटखाली धरा आणि थोडी थोडी फिरवत तीन फोटो काढा. मागची बाजूही हवी."

तिसऱ्या फोटोत आणखी दोन चिन्हं वळणाआडून बाहेर आली. पीए++++. मागच्या बाजूला 'हियाकेदोमे' हा शब्दही दिसला, म्हणजे उन्हाने भाजण्याला रोखणारं. हे आधी पाहून घ्यावं लागतं. एकाच कंपनीच्या एकाच रंगाच्या ट्यूबांत तोंड धुण्याचा फेसही असतो आणि मेकअपखाली लावायचा थरही.

मग फोन केला, कारण तासांचं उत्तर लिहून पटणार नव्हतं.

एसपीएफ हा तासांचा आकडा नाही. चाचणीत माणसांच्या पाठीवर छोटे चौकोन आखतात. काहींवर क्रीम लावतात, काही उघडे ठेवतात, आणि दिव्याखाली अतिनील किरणांची मात्रा वाढवत नेतात. दुसऱ्या दिवशी पाहतात की कातडी लाल व्हायला कुठे किती मात्रा लागली. क्रीमखाली पन्नास पट लागली तर एसपीएफ 50. ताईंनी कुठेतरी ऐकलं होतं की दहा मिनिटांत लाल होत असाल तर पाचशे मिनिटं बिनघोर. पण सकाळी आठच्या दहा मिनिटांत जेवढी मात्रा मिळते, त्याच्या कितीतरी पट दुपारी बाराच्या दहा मिनिटांत मिळते. पन्नासपुढचं अधिक एवढंच सांगतं की मोजमाप पन्नासच्या वर गेलं. त्याहून मोठा आकडा जपानमध्ये छापत नाहीत.

"पण आम्ही कुठे लाल होतो?" ताई म्हणाल्या. "आम्ही काळे पडतो."

प्रश्न नेमका होता. लाली ही मुख्यतः यूव्हीबी किरणांची करामत, आणि ती मोजतात गोऱ्या कातडीवर. आपल्याकडची तक्रार काळवंडण्याची. त्यासाठी पीए पाहायचं. या चाचणीत यूव्हीए किरण सोडतात आणि काही तासांनी कातडी किती काळी पडली ते बघतात. काळं पडायला क्रीमखाली दुप्पट मात्रा लागली तर एक अधिक, चौपट लागली तर दोन, आठपट लागली तर तीन, सोळापट किंवा जास्त लागली तर चार. चौथं चिन्ह 2013 मध्ये आलं, त्याआधी तीनच होती. म्हणजे ट्यूबच्या गोलाईमुळे चौपट आणि सोळापट यांतला फरक लपला होता. तरी वांग असलेल्यांनी या चार चिन्हांवर सगळा भरवसा टाकू नये. डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग गडद करतो, आणि त्याचा हिशेब दोन्ही आकड्यांत नाही.

ब्रॉड स्पेक्ट्रमचं उत्तरही इथेच होतं. क्रीम यूव्हीबीबरोबर यूव्हीएही अडवतं, एवढं सांगायला अमेरिकेत हे दोन शब्द छापतात. त्यासाठी क्रीमचा परिणाम 370 नॅनोमीटरपर्यंत तरी पसरलेला असावा लागतो. पण ते हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. युरोपातल्या ट्यूबवर वर्तुळात यूव्हीए लिहितात, म्हणजे यूव्हीएपासूनचं संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश आहे. जपानी ट्यूब तीच गोष्ट अधिकची चिन्हं मोजून सांगते, म्हणून तिथे ते शब्द नव्हते. ट्यूब साधी निघाली नव्हती.

खरी अडचण मागच्या बारीक मजकुरात होती. पहिलाच शब्द 'तेकिऱ्यो'. शब्दशः योग्य प्रमाण. असं भाषांतर मी केलं असतं तर ताईंनी नेहमीप्रमाणे हरभऱ्याच्या डाळीएवढं क्रीम चौघांत वाटलं असतं. खालच्या ओळीत मात्र स्पष्ट होतं : चेहऱ्याला मोत्याएवढं घ्या, पसरा, मग पुन्हा तेवढंच लावा. त्याखाली, कमी लावल्यास पुरेसा परिणाम मिळणार नाही. ही ताकीद शोभेची नाही. एसपीएफ आणि पीए दोन्ही चाचण्यांत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावतात. निम्मं लावलं तर संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं.

मग हिशेब मांडला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी घातलेल्या मोठ्या माणसाचं उघडं अंग साधारण पाच हजार चौरस सेंटिमीटर भरतं. दोन मिलिग्रॅमने दहा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. ताईंकडे केक मोजायचा छोटा काटा आहे. त्यांनी दुसरं एक साधं क्रीम दहा ग्रॅम वाटीत काढून पाहिलं आणि फोनवर काही क्षण शांतता झाली. "एवढं? हे तर पोळीला लावायचं तूप झालं."

ट्यूब पन्नास ग्रॅमची. दोघं मोठे आणि नऊ-बारा वर्षांची दोन मुलं. मुलांना थोडं कमी धरलं तरी एका वेळी तीस-पस्तीस ग्रॅम जाणार. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं म्हटलं तर तोक्योची ट्यूब पहिल्याच दुपारी आडवी होणार होती.

'कोमामेनी' या शब्दापाशी मी अडले. पुन्हा लावा, तेही कोमामेनी. वारंवार म्हटलं तर कोरडं वाटतं. न कंटाळता, थोड्या थोड्या वेळाने, असा त्याचा भाव आहे. मी तसंच सांगितलं. शेवटी दोन चांदण्या होत्या, पाण्यात टिकण्याच्या. ही जपानी खूण 2022 पासूनची. एक चांदणी चाळीस मिनिटांची, दोन ऐंशीची, मध्ये मध्ये पाण्याबाहेर येऊन. त्यानंतरही निम्मं संरक्षण उरलं तर चांदण्या मिळतात. मात्र चाचणीत अंग वाऱ्यावर सुकवतात. टॉवेलने खसाखसा पुसलं की चांदण्या टॉवेलला. मालवणला मुलं स्नॉर्केलिंग करणार होती, तोंड पाण्यात आणि पाठ उन्हात. त्यांना पूर्ण बाह्यांचे टीशर्ट घाला म्हटलं. मानेला आणि गुडघ्यामागे क्रीम लावायचं राहूनच जातं, तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकराला मालवणहून चार फोटो आले. तिथल्या औषधांच्या दुकानातली नवी ट्यूब, चारही बाजूंनी, फ्लॅशशिवाय. पीएपुढे तीन अधिक. ब्रॉड स्पेक्ट्रमही होतं. खाली प्रश्न : "यावर अप्लाय लिबरली लिहिलंय. म्हणजे दोन चमचेच ना?"