प्लेगचा आलेख आणि लॉगची पट्टी: रेघ सरळ दिसली म्हणजे नक्की काय?

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे. आकड्यांचा तक्ता फक्त वाचणाऱ्यांसाठी दिलाय.)

परळला केईएमच्या बाजूने आचार्य दोंदे मार्गावर गेलात तर हाफकिन संस्थेचं आवार लागतं. एकेकाळी हे मुंबईच्या गव्हर्नरचं निवासस्थान होतं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला, वाल्देमार हाफकिन मुंबईत आले, त्यांनी लस बनवली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या इमारतीत हलली. लशीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आज मी त्याच प्लेगच्या एका आलेखाबद्दल बोलणार आहे.

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसं दगावली, याची नोंद होती. १९२७ मध्ये एडिंबरोच्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथीच्या गणितावर एक निबंध लिहिला. मॅकेंड्रिक आधी भारतातच वैद्यकीय सेवेत होते. त्या निबंधात उदाहरण म्हणून त्यांनी मुंबईचेच आकडे घेतले आणि त्यांवर एक सूत्र बसवलं. साथींचं गणित शिकणारी मुलं आज जगभर तो आलेख बघतात.

सूत्र गुगल शीट्समध्ये असं लिहायचं. A2 मध्ये आठवड्याचा क्रमांक:

```
=890/COSH(0.2*A2-3.4)^2
```

त्यातून येणारे आकडे मी पूर्णांकात देते. हे सूत्राचे आकडे आहेत. प्रत्यक्ष नोंदी याच्या थोड्या वर-खाली आहेत, पण आकार हाच.

| आठवडा | मृत्यू (त्या आठवड्यात) |
|---|---|
| ० | ४ |
| ५ | २९ |
| १० | १९२ |
| १५ | ७६२ |
| १७ | ८९० |
| २० | ६३३ |
| २५ | १३४ |
| ३० | १९ |

साध्या आलेखात काय दिसतं?

साध्या आलेखात एक डोंगर दिसतो. पहिले सात-आठ आठवडे रेघ जमिनीला चिकटलेली, म्हणजे काही घडतच नाही असं वाटतं. मग दहाव्या ते पंधराव्या आठवड्यात ती एकदम उभी चढते. बघणारा म्हणेल, साथ फेब्रुवारीअखेर भडकली.

आता उभ्या अक्षाची पट्टी बदलू. साध्या पट्टीवर १००, २००, ३०० हे सारख्या अंतरावर असतात. लॉगच्या पट्टीवर १, १०, १००, १००० सारख्या अंतरावर असतात. म्हणजे इथे सारखं अंतर म्हणजे सारखी पट. १० वरून २० ला जायला जेवढी उंची लागते, तेवढीच १०० वरून २०० ला जायला. आडवा अक्ष, म्हणजे आठवडे, तसाच साधा ठेवायचा. एकच अक्ष लॉगचा, म्हणून हा सेमी-लॉग आलेख. शीट्समध्ये आलेखाच्या सेटिंगमध्ये Vertical axis खाली Log scale वर टिचकी मारली की झालं.

आता तो डोंगर तंबूसारखा दिसतो. डावीकडे जवळजवळ सरळ चढ, वर गोल माथा, उजवीकडे सरळ उतार. जमिनीला चिकटलेले ते पहिले आठवडे सर्वात उभ्या चढाचे निघतात. साथ भडकली ती डिसेंबरातच, फक्त आकडे लहान होते म्हणून साध्या आलेखात दिसली नाही.

सेमी-लॉगवर सरळ रेघ म्हणजे घातांकी वाढ. दर आठवड्याला ठरावीक *माणसं* वाढत नाहीत, ठरावीक *पट* वाढते. लक्षात ठेवायला सोपं: आडव्या अक्षावर बेरीज, उभ्या अक्षावर गुणाकार.

वेग मोजायला कॅलक्युलेटरही नको. रेघ १० ला कुठे ओलांडते ते बघा: साधारण २.३ आठवडे. १०० ला कुठे? ८.२ आठवडे. म्हणजे दहापट व्हायला जवळपास सहा आठवडे. दहापट म्हणजे सुमारे सव्वातीन वेळा दुप्पट. सहाला सव्वातीनने भागलं की दुप्पट व्हायचा काळ मिळतो: पावणेदोन आठवड्यांच्या आसपास, साधारण बारा दिवस.

रेघ वाकते कधी?

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पाच-पाच आठवड्यांची पट बघा. ० ते ५: सव्वासात पट. ५ ते १०: साडेसहा पटीहून जरा जास्त. १० ते १५: जेमतेम चार पट.

म्हणजे ज्या पाच आठवड्यांत साधा आलेख सर्वात भयानक दिसतो, १९२ वरून ७६२, त्याच पाच आठवड्यांत सेमी-लॉगवरची रेघ स्पष्टपणे वाकायला लागते. माथा आला सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्याला. वेग मंदावल्याची खूण त्याच्या कितीतरी आठवडे आधी दिसत होती.

आणि ही खूण दुर्लक्षित केली तर? सुरुवातीची सरळ रेघ पट्टी लावून सतराव्या आठवड्यापर्यंत ओढा. उत्तर येतं साडेतीन हजारांच्या वर. सूत्राचा आकडा ८९०. चौपट चूक. रुग्णालयात खाटा किती लावायच्या हे त्या रेघेवरून ठरवणाऱ्याला हा फरक चांगलाच महागात पडतो.

एक मात्र सांगते. रेघ वाकली हे आलेख सांगतो, का वाकली हे सांगत नाही. कर्मॅक-मॅकेंड्रिक यांच्या मांडणीत, लागण होऊ शकेल अशी माणसं कमी होत जातात म्हणून साथ ओसरते. पण मुंबईचा प्लेग उंदरांतून आणि त्यांच्यावरच्या पिसवांतून पसरत होता, आणि वर्षानुवर्षं तो ठरावीक मोसमात परत यायचा. उन्हाळ्यात ओसरण्यात हवामानाचाही हात होता. सूत्र छान बसलं म्हणजे कारण बरोबर, असं होत नाही.

लॉग-लॉगकडे वळू, व्हाया लालबाग

आता दुसरा अक्षही लॉगचा केला तर? त्यासाठी प्लेग जरा बाजूला ठेवू आणि मूर्तिशाळेत जाऊ. समजा एक फुटी भरीव शाडूची मूर्ती चार किलोची आहे. तशीच, त्याच प्रमाणात दोन फुटी केली तर वजन किती? आठ किलो नाही. उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडीही दुप्पट, म्हणून आठपट: ३२ किलो. चार फुटी? पुन्हा आठपट: २५६.

इथे दर वेळी उंचीत एक फूट *भर* घातली म्हणून वजन ठरावीक पट होत नाही. उंचीची *पट* केली की वजनाची ठरावीक पट होते. दोन्ही अक्षांवर गुणाकार. हा घात नियम. तो दोन्ही अक्ष लॉगचे असलेल्या आलेखावर सरळ रेघ देतो, आणि रेघेचा उतार म्हणजे घात. साधी मोजपट्टी लावा: आडवं एक दहापट सरकताना उभं तीन दहापट चढलं, तर घात तीन. पोकळ पीओपीच्या मूर्ती, कवचाची जाडी तीच ठेवून मोठ्या केल्या, तर वजन पृष्ठभागाबरोबर वाढेल आणि उतार दोनच्या जवळ येईल. म्हणजे मूर्ती न फोडता, नुसत्या उतारावरून ती भरीव की पोकळ याचा अंदाज लागतो.

आणि आता गंमत

प्लेगचे आकडे लॉग-लॉगवर टाकू, पण फक्त मधले: आठवडा ८, १०, १२, १४. मृत्यू ९२, १९२, ३७४, ६३३. लागोपाठच्या बिंदूंमधला उतार येतो ३.३, मग ३.६५, मग ३.४. डोळ्यांना ही चक्क सरळ रेघ वाटते. कोणीतरी लगेच जाहीर करेल: प्लेग वेळेच्या साधारण साडेतीनाव्या घाताने वाढतो!

हे खरं की खोटं, कसं ओळखायचं? मी दोन तपासण्या करते.

पहिली: पल्ला किती आहे? ८ ते १४ म्हणजे दुप्पटही नाही. लॉग-लॉगवर इतक्या अरुंद खिडकीतून बघितलं तर बहुतेक सगळंच सरळ दिसतं. खिडकी उघडा, आठवडा ५ ते १० बघा, उतार २.७ येतो. पंधरानंतर तो शून्याकडे जातो आणि मग खाली वळतो. सरळपणा गेला. घात नियम म्हणण्याआधी आडव्या अक्षावर निदान दहापट पल्ला असावा, जास्त असेल तर उत्तमच.

दुसरी, माझी आवडती: शून्य सरकवून बघा. समजा नोंद तीन आठवडे आधी सुरू झाली असती. मग त्याच चार आठवड्यांना आपण ११, १३, १५, १७ म्हटलं असतं. मृत्यू तेच. पण लॉग-लॉगवरचा उतार आता ४.२ ते ४.७ येतो! साथ तीच, माणसं तीच, आणि घात मात्र साडेतीनवरून साडेचारकडे गेला, फक्त मोजणी कधीपासून धरली यामुळे. असा घात साथीचा गुण नसतो, तो कॅलेंडरचा गुण असतो.

सेमी-लॉगवर हाच प्रयोग केला तर रेघ नुसती डावीकडे-उजवीकडे सरकते. उतार हलत नाही, दुप्पट व्हायचे दिवस तेच राहतात. मूर्तीला शून्य उंची म्हणजे काय ते ठरलेलं आहे, म्हणून तिथे लॉग-लॉग शोभतो. चुकून पाटासकट उंची मोजलीत तर तिथेही रेघ वाकेल. साथीचा शून्य दिवस मात्र कोणालाच नक्की माहीत नसतो.

जाता जाता एक बारीक सूचना. लॉगच्या पट्टीवर शून्याला जागा नाही. ज्या आठवड्यात एकही मृत्यू नाही, तो बिंदू बहुतेक ठिकाणी गुपचूप गायब होतो. आणि ४ च्या ६ झाले तर ती दीडपट वाढ दिसते, पण त्यामागे दोनच माणसं असतात. त्यामुळे रेघेच्या अगदी खालच्या टोकावरून वेग काढू नका. निदान वीस-तीसचा आकडा ओलांडू द्या.

वरचं सूत्र ० ते ३० आठवड्यांसाठी शीटमध्ये टाका आणि तीन आलेख शेजारी ठेवा: साधा, सेमी-लॉग, लॉग-लॉग. मग पुढच्या वेळी बातमीत आलेख दिसला की आधी अक्षांवरचे आकडे वाचा, रेघ नंतर. भेटू पुढच्या भागात.