इंट्राडेचा सौदा ब्रोकरने बंद केला तर

इंट्राडे सौद्यात शेअरची खरेदी आणि विक्री एकाच दिवसात उरकायची असते. शेअर बाजार दुपारी ३.३० ला बंद होतो, पण ब्रोकर तोवर थांबत नाहीत. साधारण ३.१५ ते ३.२५ च्या दरम्यान, प्रत्येकाने ठरवलेल्या वेळी, त्यांची यंत्रणा उरलेले सौदे बाजारभावाने आपोआप बंद करते. याला ऑटो स्क्वेअर ऑफ म्हणतात.

ब्रोकरला एवढी घाई असते, कारण हे सौदे पूर्ण पैसे न भरता केलेले असतात. सेबीच्या नियमांनुसार सौद्याच्या किमतीच्या किमान २० टक्के मार्जिन आधी जमा असावे लागते. समजा, एकाने २०० रुपयांचे ५०० शेअर घेतले. सौदा १ लाखाचा झाला, पण खात्यातले फक्त २०,००० रुपये अडकले. भाव १९६ झाला आणि सौदा तसाच राहिला, तर ब्रोकरची यंत्रणा तो विकते. तोटा २,००० रुपयांचा होतो. नेहमीची दलाली आणि कर यांशिवाय स्क्वेअर ऑफचे वेगळे शुल्कही लागते. बरेच ब्रोकर त्यासाठी दर ऑर्डरमागे ५० रुपये घेतात. १८ टक्के जीएसटी धरून ते ५९ होतात. पाच शेअरांचे सौदे उघडे राहिले, तर २९५ रुपये जातात. तेच सौदे ठरलेल्या वेळेआधी स्वतः बंद केले असते, तर हे शुल्क लागले नसते. तोट्याने मार्जिनचा मोठा भाग खाल्ला, तर काही ब्रोकर सौदा दुपारपर्यंतही ठेवत नाहीत.

खरी अडचण सर्किट लागल्यावर होते. लोअर सर्किटमध्ये खरेदीदारच नसतो, त्यामुळे यंत्रणेची विक्रीची ऑर्डर तशीच पडून राहते. सौदा डिलिव्हरीत जातो आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण १ लाख भरावे लागतात. रक्कम नसेल, तर थकबाकीवर व्याज लागते आणि ब्रोकर शेअर विकून वसुली करतो. आधी विकून नंतर घेणाऱ्याला अपर सर्किटने गाठले, तर द्यायला शेअरच नसतात. ते लिलावातून घेतले जातात आणि वाढीव भावाचा फरक त्याच्याकडून वसूल होतो.

मार्जिन तुटीचा दंड ही निराळी बाब आहे. तूट १ लाखापेक्षा कमी आणि लागू मार्जिनच्या १० टक्क्यांपेक्षाही कमी असेल, तर दंड तुटीच्या ०.५ टक्के असतो. एरवी तो १ टक्का. लागणारे मार्जिन २०,००० आणि जमा १५,००० असेल, तर ५,००० ची तूट मार्जिनच्या २५ टक्के होते, म्हणून दंड ५० रुपये. तूट सलग तीन दिवसांहून अधिक राहिली, तर पुढच्या दिवसांना ५ टक्के दराने दंड बसतो. सौद्याआधी घ्यायचे मार्जिन ब्रोकरनेच कमी घेतले असेल, तर चेक न वटण्यासारखे ठरावीक अपवाद सोडता त्याचा दंड ग्राहकावर टाकता येत नाही. त्यामुळे लेजरमध्ये रक्कम वजा झालेली दिसली, की ती स्क्वेअर ऑफचे शुल्क आहे, व्याज आहे की दंड, आणि दंड असल्यास कोणत्या मार्जिनचा, हे ब्रोकरकडून लेखी घ्यावे.