तीनशे मुलांचे पोहे : कॅन्टीनला द्यायची चिठ्ठी

शाळेच्या क्रीडादिनाच्या खाण्याची चिठ्ठी बहुधा ‘300 मुलांसाठी पोहे, केळी, सरबत’ एवढीच असते. स्वयंपाकघरात ती कुचकामी ठरते, कारण वाणी किलोने देतो, केळीवाला डझनाने आणि वाढणारा डावाने. चिठ्ठीत या तिन्ही मापांचा हिशेब हवा.

सुरुवात डोक्यांपासून. 300 मुलांसोबत शिक्षक, शिपाई आणि मैदानावरचे मदतनीस मिळून 30 माणसे धरली, तर 330 ताटल्या होतात. शाळकरी मुलाला एका वेळी साधारण 60 ग्रॅम कोरडे पोहे पुरतात. म्हणजे जाड पोहे 20 किलो. त्याला कांदा 5 किलो, तेल सव्वादोन लिटर आणि शेंगदाणे 2 किलो. शेंगदाणे तळून वेगळे ठेवावेत, कारण काही मुलांना त्यांची ॲलर्जी असते.

वीस किलो पोहे एकदम भिजवले की खालचे दबून त्यांचा गोळा होतो. म्हणून चिठ्ठीत ‘5 किलोच्या चार खेपा’ असे स्पष्ट लिहावे. पुढची खेप आधीची निम्मी वाढून झाल्यावर फोडणीला टाकायची, म्हणजे शेवटच्या रांगेलाही गरम मिळते. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एका खेपेत सुमारे 80 ताटल्या निघायला हव्यात. पहिली खेप 65 ताटल्यांतच संपली, तर डाव मोठा पडतो आहे. त्याच चालीने पुढे वाढत गेल्यास 260 ताटल्यांनंतर पातेले रिकामे होणार आणि उरलेली 70 जणांची रांग तशीच उभी राहणार. पहिल्या खेपेलाच हे कळले, तर डाव बदलता येतो. ओले खोबरे मात्र कढईत घालू नये. ते लवकर आंबते, म्हणून वाढताना वरून भुरभुरावे.

केळी शर्यतींच्या आधी द्यायची, पोहे मधल्या सुट्टीत. भरल्या पोटी धावणाऱ्याच्या पोटात दुखते. केळी 330 म्हणजे साडेसत्तावीस डझन होतात, पण काही दबलेली, काळवंडलेली निघणारच, म्हणून 30 डझन मागवावीत. आदल्या दिवशी आणायची असल्यास किंचित कच्ची बरी.

सरबत प्रत्येकी दोन पेले, 200 मिलिलिटरचे. एकूण 132 लिटर होते, पण ते एकदम करायचे नाही. सकाळी आणि दुपारी 66-66 लिटर. साखर 13 किलो, लिंबे मध्यम आकाराची 330, आणि मीठ चवीपुरते, कारण घामातून तेही जाते. साखरेचा पाक आदल्या संध्याकाळी करून ठेवता येतो. लिंबे मात्र त्या त्या वेळीच पिळावीत. रस फार वेळ राहिला तर कडवटपणा येतो.