रिपोर्ट फक्त वाचतो, मग बिलिंग का अडतं?

औषधांच्या घाऊक वितरकाकडे महिन्याचा पहिला आठवडा धावपळीचा असतो. काउंटरवर दुकानदारांची बिलं फाडली जात असतात आणि त्याच वेळी हिशेब विभाग मागच्या महिन्याच्या विक्रीचे रिपोर्ट काढत असतो, कारण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत भरायचा असतो. दोन्ही कामं एकाच डेटाबेसवर चालतात. मग सकाळी अकराच्या सुमारास बिलिंगचा पडदा रेंगाळायला लागतो आणि फोन येतो तो संगणक विभागाला.

अशा ठिकाणचा डेटाबेस सांभाळणारा माणूस बहुधा व्यवस्थापकाला पत्र लिहितो: रिपोर्टसाठी वेगळा सर्व्हर द्या. बरीच पत्रं बासनात जातात, कारण व्यवस्थापकाचा प्रश्न रास्त असतो. रिपोर्ट तर काही बदलत नाही, नुसता वाचतो. मग त्याने बिलिंग अडावं का? या प्रश्नाचं उत्तर देत नाही, ते पत्र अपुरं आहे. भारतातल्या असंख्य छोट्यामोठ्या कंपन्या वापरतात त्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या उदाहरणाने हे उत्तर पाहू.

पोस्टग्रेसमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला खरोखरच थांबवत नाही. एखाद्या गोळ्यांच्या बॅचचा साठा ५०० वरून ४९० झाला, तर जुनी नोंद खोडून तिच्या जागी नवी लिहिली जात नाही. नवी नोंद वेगळी लिहिली जाते आणि जुनी तशीच पडून राहते, म्हणजे आधीपासून वाचत असलेल्याला त्याच्या वेळचा आकडा दिसत राहतो. कुणालाच नको असलेल्या अशा जुन्या नोंदी ‘व्हॅक्यूम’ नावाची प्रक्रिया मागाहून साफ करते. रोजच्या कामात ही साफसफाई निमूट चालू असते, कुणाला कळतही नाही.

गोची होते ती लांबलेल्या रिपोर्टमुळे. समजा, वर्षभराच्या विक्रीचा रिपोर्ट दहाला सुरू झाला आणि चाळीस मिनिटं चालला. त्याला दहा वाजताचं चित्र दिसत राहायला हवं, म्हणून दहानंतर जुनी झालेली एकही नोंद व्हॅक्यूमला हलवता येत नाही. रिपोर्ट विक्रीचा असला, तरी हा अडसर त्या डेटाबेसमधल्या साठ्याच्या टेबललाही लागू होतो. खपाच्या औषधाची नोंद त्या वेळात शेकडो वेळा बदलते, तिच्या शेकडो जुन्या प्रती साचतात, आणि पुढचं बिल करताना ताजी प्रत शोधायला त्या सगळ्यांतून वाट काढावी लागते. त्यात प्रोसेसर आणि डिस्कवरचा ताण वेगळाच. रिपोर्ट संपला की थोड्या वेळात सगळं पुन्हा सुरळीत होतं, त्यामुळे दुपारी तपासायला बसलेल्याला काहीच सापडत नाही.

म्हणून पुरावा अडचण चालू असतानाच गोळा करावा लागतो. त्या क्षणी डेटाबेसवर कोणतं काम किती वेळ चाललं आहे, हे एवढ्याने दिसतं:

```sql
SELECT pid, usename, now() - query_start AS duration,
       left(query, 60) AS query
FROM pg_stat_activity
WHERE state = 'active'
ORDER BY query_start;
```

यादीत सर्वांत वर सगळ्यात जुनं काम येतं. त्याच वेळी `pg_stat_user_tables` मध्ये साठ्याच्या टेबलसमोरचा `n_dead_tup` हा आकडा चढत असेल आणि रिपोर्ट संपल्यावर उतरत असेल, तर कारण हाती लागलं. असे तीन-चार दिवसांचे आकडे, घड्याळाच्या वेळेसकट आणि त्या वेळी बिल व्हायला किती सेकंद लागले त्यासकट पत्राला जोडले, की व्यवस्थापकाला डोळ्यांनी पडताळता येईल असं काहीतरी हातात पडतं.

त्याआधी पत्रलेखकाने एक काम उरकलेलं असावं. रिपोर्टची क्वेरीच सदोष नाही ना, हे तपासणं. योग्य इंडेक्स नसल्यामुळे चाळीस मिनिटं घेणारा रिपोर्ट इंडेक्सनंतर दोन मिनिटांत संपत असेल, तर नव्या सर्व्हरचा खर्च मागण्यात अर्थ नाही. रात्री चालवता येतील ते रिपोर्ट रात्री ढकलावेत. एवढं करूनही भर दिवसा लागणारे आणि मुळातच मोठे असलेले रिपोर्ट उरतात, आणि मागणी तेवढ्यांसाठीच असावी.

ती मागणी असते रेप्लिकाची, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या सतत अद्ययावत होणाऱ्या दुसऱ्या प्रतीची. २०१० मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ९.० पासून अशा प्रतीवर वाचनाची कामं चालवण्याची सोय मुळातच आहे, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. खर्च येतो तो दुसऱ्या यंत्राचा आणि संपूर्ण डेटाबेस मावेल एवढ्या डिस्कचा. दोनचार टेबलंच तेवढी न्यायची, असं या पद्धतीत चालत नाही.

पत्रातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद मात्र इथून पुढचा आहे, आणि नेमका तोच अनेकदा गाळला जातो. मुख्य डेटाबेसवर साफ झालेल्या जुन्या नोंदी रेप्लिकावरही साफ व्हायला हव्यात, पण तिथे चालू असलेल्या रिपोर्टला त्या हव्या असतात. ही ओढाताण मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद सहन केली जाते, मग रिपोर्ट मध्येच रद्द होतो. मोठ्या उत्साहाने रेप्लिका उभारली आणि पहिल्याच दिवशी हिशेब विभागाचे रिपोर्ट तुटू लागले, असं होतं ते यामुळे.

उपाय दोन आहेत. `hot_standby_feedback` चालू केलं, तर रेप्लिका मुख्य डेटाबेसला साफसफाई थांबवायला सांगते. म्हणजे जुन्या नोंदी पुन्हा तिथेच साचतात आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ते दुखणं परत येतं. दुसरा उपाय `max_standby_streaming_delay` वाढवून एक तास करण्याचा. मग रिपोर्ट निर्धास्त पूर्ण होतात, पण तेवढ्या वेळात रेप्लिकावरचे आकडे तासाभरापर्यंत मागे पडू शकतात. आपल्या वितरकासाठी दुसरा उपायच योग्य ठरतो, आणि तो पत्रात साध्या शब्दांत यायला हवा, साधारण असा:

“सर, मागच्या महिन्याच्या विक्रीचा रिपोर्ट, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी आणि कंपनीनिहाय खरेदीचा रिपोर्ट हे तीन नव्या सर्व्हरवर हलवावेत, अशी विनंती आहे. तिथले आकडे जास्तीत जास्त एक तास जुने असू शकतील. बिल करताना तपासली जाणारी दुकानदाराची उधारीची मर्यादा आणि शिल्लक साठा मुख्य डेटाबेसवरच राहील, कारण तिथे एका मिनिटाची शिळी माहितीही चालणार नाही.”

रिपोर्टच्या पानावर ‘अमुक वाजेपर्यंतचे आकडे’ अशी ओळ छापली, तर हिशेब विभागाचा गोंधळ टळतो. ही वेळ `pg_last_xact_replay_timestamp()` वरून मिळते. रात्री बिलिंग बंद असताना ती जुनी दिसते, पण तेव्हा नवे व्यवहारच नसतात. रेप्लिका मागे पडली असा त्याचा अर्थ नव्हे.

पत्र वाचून व्यवस्थापक विचारू शकतो की दुसरी प्रत आहेच, तर बॅकअपचा खर्च कमी करू या का. पत्रातच याला स्पष्ट नकार असावा. मुख्य डेटाबेसवर कुणी चुकून एखादं टेबल रिकामं केलं, तर काही क्षणांत ते रेप्लिकावरही रिकामं होतं.

शेवटी मागणी लहान ठेवलेली बरी: एका महिन्यापुरतं भाड्याचं यंत्र, वर सांगितलेले तीनच रिपोर्ट, आणि पहिल्या आठवड्यातल्या सकाळी बिलाला लागणाऱ्या वेळेची आधीची व नंतरची नोंद. रिपोर्टच्या प्रोग्रॅममध्ये फक्त सर्व्हरचा पत्ता बदलायचा असल्याने फरक पडला नाही, तर तो पत्ता पूर्ववत करून यंत्र परत देता येतं.