जाणाऱ्याची नोंद, येणाऱ्याच्या हाती

एखाद्या नाट्यसंस्थेचा सोशल मीडिया सांभाळणारी मुलगी महिनाअखेरीस नोकरी सोडते. ती गेली तरी तिने आधीच लावून ठेवलेल्या पोस्ट ठरल्या वेळी पडतच राहतात. रविवारच्या प्रयोगाचं पोस्टर सकाळी ९ वाजता आपोआप झळकतं. नायक आजारी पडून प्रयोग रद्द झाला असला, तरीही. प्रेक्षक नाट्यगृहाच्या दारात येतात आणि ती पोस्ट कुठून काढायची, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून कार्यभार सोपवताना लिहायच्या नोंदीत लावलेल्या प्रत्येक पोस्टला एक ओळ हवी: ‘रविवार, सकाळी ९. फेसबुक व इन्स्टाग्राम. प्रयोगाचं पोस्टर. मेटा बिझनेस सूटच्या प्लॅनरमध्ये लावलं आहे. प्रयोग रद्द झाल्यास तिथूनच काढावं, निर्णय व्यवस्थापकांचा.’ पोस्ट कुठे लावली आहे, हा यातला कळीचा तपशील. बफरसारख्या बाहेरच्या साधनात लावलेली पोस्ट बिझनेस सूटमध्ये सापडेलच असं नाही आणि यूट्यूबचा व्हिडिओ स्टुडिओतच शोधावा लागतो.

दुसरा भाग खात्यांचा. ‘पासवर्ड देऊन जा’ एवढ्यावर इथे भागत नाही. फेसबुक पेजला स्वतःचा वेगळा पासवर्ड नसतो. माणसं आपापल्या प्रोफाइलमधून तिथे पोचतात. त्यामुळे नव्या माणसाला पेजचा पूर्ण ताबा रीतसर द्यावा लागतो. इन्स्टाग्रामला पासवर्ड असतो, पण लॉगिनचा कोड जाणारीच्या मोबाइलवर जात असेल, तर तो पासवर्ड असून नसल्यासारखाच. तो नंबर आणि खात्याचा ईमेल ती असतानाच संस्थेच्या नावे बदलून घ्यावा. यूट्यूबचं चॅनल ब्रँड अकाउंटवर असेल, तर मुख्य मालकी देण्याआधी नवी व्यक्ती किमान ७ दिवस मालक म्हणून जोडलेली असावी लागते. हे काम शेवटच्या दिवशी होत नाही.

नोंदीत पासवर्ड मात्र लिहू नयेत. ते पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावेत आणि कोणत्या खात्याची चावी कोणाकडे आहे, एवढंच नोंदीत असावं.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो क्रमात. बाहेरचं साधन बहुधा जाणारीच्याच प्रोफाइलमधून पेजला जोडलेलं असतं. तिचा प्रवेश घाईने काढला, की ती जोडणी तुटू शकते आणि पुढच्या पोस्ट पडायच्या थांबतात. सूचनेचा ईमेल तिच्याच पत्त्यावर जात असेल, तर हे कळतही नाही. म्हणून आधी नव्या व्यक्तीला ताबा द्यावा, तिच्या प्रोफाइलमधून साधन पुन्हा जोडावं, दहा मिनिटांनंतरची एक साधी पोस्ट लावून ती पडते का, हे पाहावं. मगच जुना प्रवेश काढावा.

ही नोंद राजीनाम्याच्या दिवशीच लिहायला घ्यावी आणि नव्या माणसाने ती हातात धरून एकदा सगळी खाती स्वतः उघडून पाहावीत. तोवर कार्यभार सोपवला, असं मानू नये.