बरणीतला लसूण हिरवा का होतो?

लिंबाच्या रसात मुरायला घातलेला पांढराशुभ्र लसूण दोन-तीन दिवसांत मोरपंखी दिसू लागला की घरात पहिला संशय येतो तो भांड्यावर. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसाच हा लसूणही कळकला असावा, असं वाटतं. पण काचेच्या बरणीतही हेच होतं. कारण भांड्यात नसतं, ते पाकळीच्या आतच असतं.

लसणात गंधकयुक्त पदार्थ आणि त्यांचं रूपांतर करणारं एन्झाइम पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी चिरली, ठेचली किंवा आंबट रसाने तिच्या पेशींचे पडदे सैल झाले, की ते एकत्र येतात. लसणाचा झणका तिथूनच येतो. याच घडामोडीत एका विशिष्ट गंधकयुक्त पदार्थापासून निघालेले रेणू लसणातल्याच अमिनो आम्लांशी जोडले जातात आणि निळी-पिवळी रंगद्रव्यं बनतात. दोन्ही मिसळली की हिरवा दिसतो. कांदा वाटून ठेवल्यावर गुलाबी होतो, तोही याच घराण्यातल्या रसायनांमुळे.

मग प्रत्येक बरणी हिरवी का होत नाही? कारण तो विशिष्ट पदार्थ ताज्या लसणात फार कमी असतो. थंडीत साठवल्यावर तो वाढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेला नवा लसूण लगेच लोणच्यात घातला तर सहसा पांढराच राहतो. तोच शीतगृहातून किंवा फ्रिजमधून काढून घातला, तर रंग बदलण्याची शक्यता बरीच जास्त. आलं-लसणाची पेस्ट फ्रिजमध्ये हिरवी पडते, त्यामागेही बऱ्याचदा असाच लसूण असतो.

चीनमध्ये तर हा रंग मुद्दाम आणतात. चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यातल्या आठव्या दिवशी साठवणीतला लसूण सोलून तांदळाच्या व्हिनेगरमध्ये घालतात. ‘लाबा’ लसूण म्हणतात त्याला. नववर्षापर्यंत पाकळ्या पाचूसारख्या हिरव्या होतात आणि डंपलिंगबरोबर आवडीने खाल्ल्या जातात. म्हणजे या रंगाने अपाय होत नाही. बिघाड ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत: वर केसाळ बुरशी, बुळबुळीतपणा, फसफस, कुबट वास. नुसत्या हिरव्या झालेल्या पाकळीत यातलं काही नसतं. ती घट्ट असते आणि वास लसणाचाच येतो.

पांढरंच लोणचं हवं असेल, तर तयारी सोलण्याच्या आधी सुरू होते. समजा, किलोभर लसूण आहे आणि तो फ्रिजमध्ये होता. गड्डे तसेच दोन-तीन आठवडे घरात, कोरड्या उबदार जागी ठेवावेत. थंडीत वाढलेला तो पदार्थ या काळात बराच उतरतो.

मग सोलणं. गड्डे फोडून पाकळ्या सुट्या कराव्यात, त्यांना चमचाभर तेल चोळावं आणि सुपात पसरून तीन-चार तास कडक उन्हात ठेवावं. सालं वाळून कुरकुरीत होतात आणि पाकळीला धरून बसत नाहीत. नंतर जाड सुती कापडात गुंडाळून हाताने चोळलं की बहुतेक सालं सुटतात. सूप पाखडलं की उडून जातात. चिकटून राहिलेल्या थोड्या पाकळ्यांची बुडं सुरीने काढली की काम झालं. गावरान लसणाच्या बारीक पाकळ्यांना तर ही पद्धत फारच सोयीची, कारण त्या एकेक सोलताना नखं दुखून येतात. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवूनही साल सैल होतं, पण लोणच्यासाठी मग पाकळ्या अगदी कोरड्या कराव्या लागतात. ओल राहिली तर बुरशीला वाव मिळतो. डब्यात घालून जोरजोरात खडखडवण्याची युक्ती झटपट होते, मात्र पाकळ्यांना मार बसतो आणि मार बसलेल्या जागी पेशी फुटतात. ती पेस्टसाठी ठीक, लोणच्यासाठी नाही.

सोललेल्या पाकळ्या पाच-सहा मिनिटं वाफवल्या तर एन्झाइम निकामी होतं आणि रंग धरत नाही. मात्र उष्णता पाकळीच्या गाभ्यापर्यंत पोचायला हवी; नुसतं उकळतं पाणी ओतून लगेच निथळलं तर मधला भाग कच्चाच राहतो आणि पुढे हिरवा होऊ शकतो. शिवाय झणकाही याच एन्झाइममुळे येत असल्याने वाफवलेला लसूण सौम्य लागतो. तिखट, झणझणीत लोणचं आवडणाऱ्यांनी थोडा हिरवा रंग पत्करलेला बरा.

खरी काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. एकदम सोललेला लसूण टिकावा म्हणून कच्चाच तेलात बुडवून ओट्यावर ठेवला जातो. तेलाखाली हवा पोचत नाही, आंबटपणाही नसतो, आणि अशा जागी बोटुलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटच्या तेलातल्या लसणामुळे 36 जणांना ही बाधा झाली होती. या विषाने रंग, वास किंवा चव बदलतेच असं नाही. म्हणून तेलातला कच्चा लसूण फ्रिजमध्येच ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा. त्याहून जास्त दिवस ठेवायचा असेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाकावा.