खांब, ताण आणि दोन गुणाकार

पुण्यात मे महिन्याच्या मध्याला एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशी गोळा होते. रस्त्याकडेचा विजेचा खांब त्या क्षणी जमिनीवर लांब सावली टाकत नाही. त्याच खांबाला ओढून धरणारी तिरपी तार मात्र टाकते. लाइनमन तिला ‘स्टे’ म्हणतात. तिच्या मधोमध चिनी मातीचा अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर असतो आणि खालचं टोक जमिनीत पक्कं पुरलेलं असतं.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात सदिशांचे दोन गुणाकार येतात. बारावीत त्यांची सूत्रं पाठ झालेली असतात: डॉट म्हणजे कोसाइन, क्रॉस म्हणजे साइन. मेकॅनिक्सच्या पहिल्याच मोठ्या गणितात मात्र विद्यार्थी अडतो, कारण कुठे कोणता गुणाकार घ्यायचा हे सूत्र सांगत नाही. हा खांब आणि ही तार ते सांगू शकतात.

समजा, तार खांबाला ६ मीटर उंचीवर बांधली आहे. तिचं खालचं टोक खांबाच्या बुंध्यापासून २ मीटर पूर्वेला आणि ३ मीटर उत्तरेला जमिनीत आहे. म्हणजे वरून खाली येताना तार २ पूर्वेला, ३ उत्तरेला आणि ६ खाली जाते. हाच तिचा सदिश: (२, ३, −६). लांबीसाठी वर्गांची बेरीज ४ + ९ + ३६ = ४९, म्हणून तार बरोबर ७ मीटर. तारेत ७ किलोन्यूटन ताण आहे असं धरू; साधारण ७०० किलो वजन टांगल्याएवढा. आकडे मुद्दाम असे निवडले आहेत, की बलाचा सदिशही F = (२, ३, −६) किलोन्यूटन असाच येतो.

आता सावलीकडे परत येऊ. सूर्य माथ्यावर असताना ७ मीटर तारेची सावली किती लांब पडेल? तारेवरून उतरणारी एक मुंगी कल्पावी. तिचा प्रवास तीन तुकड्यांत मोडला, तर प्रत्येक तुकड्याची सावली वेगळी काढता येते आणि त्या तिन्ही सावल्यांची बेरीज केली की पूर्ण प्रवासाची सावली मिळते. जमिनीवर ही सावली (२, ३, ०) या दिशेने पडते. या दिशेचा एक एकक लांबीचा सदिश घ्यायचा, म्हणजे तिन्ही घटकांना √१३ ने भागायचं, आणि घटकाला घटक गुणून बेरीज करायची. (२×२ + ३×३ + (−६)×०) भागिले √१३, उत्तर सुमारे ३.६ मीटर. डॉट गुणाकार एवढंच करतो: एका सदिशाची दुसऱ्याच्या दिशेवर पडणारी लंब सावली मोजतो आणि तिला दुसऱ्याच्या लांबीने गुणतो. उभ्या खांबाचा जमिनीवरच्या कोणत्याही दिशेशी डॉट शून्य येतो, म्हणूनच त्याची सावली दिसत नाही.

ही सावली चिन्हासकट येते, आणि सगळी गंमत त्या चिन्हात आहे. बल F चा वरच्या दिशेशी, म्हणजे (०, ०, १) शी डॉट घेतला तर −६ मिळतं. तार खांबाला नुसती बाजूला ओढत नाही, ती त्याला ६ किलोन्यूटनने जमिनीत दाबतेही आहे. पावसाळ्यात काळी माती मऊ झाली आणि खांब एक सेंटिमीटर खचला, तर (तेवढ्यात ताण बदलला नाही असं धरून) तारेने केलेलं कार्य ६००० × ०.०१ = ६० ज्यूल. पूर्वेच्या २ आणि उत्तरेच्या ३ किलोन्यूटनांचा या कार्यात काहीच वाटा नाही, कारण खांब त्या दिशांना हललाच नाही. बलाचा कोणता भाग एखाद्या दिशेला कामी येतो, हा प्रश्न पडला की डॉट घ्यायचा. उत्तर नुसता आकडा असतो. त्याला दिशा नसते.

दुसरा प्रश्न वेगळा आहे. ही तार खांबाला बुंध्यापाशी किती वाकवू पाहते? इथे ओढ किती आहे याबरोबरच ती किती उंचावरून आहे हेही महत्त्वाचं. बुंध्यापासून तारेच्या गाठीपर्यंतचा सदिश r = (०, ०, ६). मोमेंट म्हणजे r × F. घटक मांडले तर:

पूर्व: ०×(−६) − ६×३ = −१८
उत्तर: ६×२ − ०×(−६) = १२
वर: ०×३ − ०×२ = ०

M = (−१८, १२, ०) किलोन्यूटन-मीटर. त्याची लांबी √४६८, म्हणजे सुमारे २१.६.

हा आकडा म्हणजे एक क्षेत्रफळ आहे. r आणि F या दोन बाजू धरून समांतरभुज चौकोन काढला तर त्याचं क्षेत्रफळ २१.६ भरतं. F हा पाया मानला तर उंची म्हणजे बुंध्यापासून तारेच्या रेषेवर टाकलेला लंब, जो ३.०९ मीटर येतो. सात गुणिले ३.०९ केलं की तेच उत्तर.

क्षेत्रफळाचं हे चित्र मनात ठेवलं की एक नेहमीचा गोंधळ आपोआप मिटतो. r कुठपर्यंत घ्यायचा, गाठीपर्यंत की जमिनीतल्या टोकापर्यंत? पुस्तक म्हणतं, बलाच्या रेषेवरचा कोणताही बिंदू चालतो. विद्यार्थ्याला ते पटत नाही. मग जमिनीतलं टोक घेऊन पाहावं: r = (२, ३, ०). पूर्वेचा घटक ३×(−६) − ०×३ = −१८. उत्तरेचा ०×२ − २×(−६) = १२. वरचा २×३ − ३×२ = ०. सहा मीटर उंच सदिशाच्या जागी जमिनीवर आडवा पडलेला सदिश घेतला, तरी उत्तर जसंच्या तसं आलं. कारण शाळेतल्या भूमितीतलं आहे. एकाच पायावर आणि त्याच दोन समांतर रेषांमध्ये असलेल्या समांतरभुज चौकोनांचं क्षेत्रफळ सारखं असतं. r चं टोक तारेवरून खाली घसरलं, चौकोन तिरपा झाला, पण पाया आणि उंची बदलली नाही.

आता दिशा. तार ईशान्येकडे ओढते आहे आणि मोमेंटचा बाण मात्र पश्चिम-वायव्येकडे आहे. तिकडे तर काहीच हलत नाही! विहिरीवरचा रहाट आठवावा. दोर खाली जातो, चाक उभ्या पातळीत फिरतं आणि आस मात्र दोन खांबांमध्ये आडवा बसलेला असतो. क्रॉस गुणाकाराचा बाण हा तो आस आहे. फिरण्याची पातळी सांगायची तर तिला लंब असलेली एकच दिशा सांगणं सर्वांत सोपं. उजव्या हाताची बोटं r कडून F कडे वळवली की अंगठा M ची दिशा दाखवतो. परीक्षेत इथे एक चूक हमखास होते. उजव्या हातात पेन असतं, म्हणून विद्यार्थी नकळत डाव्या हाताने दिशा पाहतो आणि चिन्ह उलटं लिहितो. पेन खाली ठेवायला हवं.

दुसरी नेहमीची चूक डिटर्मिनंट सोडवताना मधल्या पदाचं चिन्ह विसरण्याची. ती पकडायला डॉटच मदतीला येतो. M हा r ला आणि F ला, दोघांनाही लंब असायला हवा, म्हणजे दोन्ही डॉट शून्य यायला हवेत. इथे M आणि F चा डॉट −३६ + ३६ = ०. मधलं चिन्ह चुकून (−१८, −१२, ०) लिहिलं असतं, तर −७२ आलं असतं आणि चूक उघडी पडली असती. मात्र r बरोबरचा डॉट या चुकीच्या उत्तरालाही शून्यच येतो, कारण r सरळ उभा आहे. म्हणून दोन्ही तपासण्या कराव्यात. r आणि F ची अदलाबदल झाली असेल तर या दोन्ही तपासण्यांनाही ते कळत नाही. तिथे अंगठाच कामाला येतो.

कोन काढतानाही असाच एक सापळा आहे. क्रॉसच्या लांबीवरून साइन ०.५१५ मिळतो आणि कॅल्क्युलेटर ३१ अंश दाखवतो. पण r वर जातो आणि F खाली येतो, तेव्हा त्यांच्यातला कोन विशाल असणार. १४९ अंशांचा साइनही ०.५१५ च असतो. क्रॉसच्या लांबीला त्या दोघांतला फरक दिसत नाही. डॉटला दिसतो: ६×(−६) = −३६, त्याला लांबींच्या गुणाकाराने, ४२ ने भागलं की कोसाइन ऋण येतो आणि कोन १४९ अंश ठरतो. दोन्ही गुणाकार एकमेकांची उणीव भरून काढतात, तेही अगदी हिशेबाने. डॉटचा वर्ग १२९६, क्रॉसच्या लांबीचा वर्ग ४६८, बेरीज १७६४, म्हणजे ४२ चा वर्ग.

हा मेळ योगायोगाचा नाही. दोन्ही गुणाकार मुळात एकत्रच जन्मले. १८४३ साली १६ ऑक्टोबरला डब्लिनमध्ये कालव्याकाठी फिरताना विल्यम रोवन हॅमिल्टन यांना चार घटकांच्या संख्यांचा गुणाकार सुचला. त्यांच्या पद्धतीत दोन सदिश गुणले की एकच उत्तर येई, आणि त्यात एक आकडा व एक सदिश असे दोन भाग असत. तो आकडा म्हणजे आजचा डॉट, उलट्या चिन्हाने. तो सदिश म्हणजे आजचा क्रॉस. पुढे येल विद्यापीठातल्या जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८८१ आणि १८८४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी खासगीरीत्या छापलेल्या टिपणांत हे दोन भाग सुटे केले. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेले. ही फारकत योग्यच होती, कारण खांबाच्या गणितात ‘किती दाबतो’ आणि ‘किती वाकवतो’ हे प्रश्न खरोखर वेगळे आहेत.

काही प्रश्नांना मात्र दोन्ही गुणाकार एकापाठोपाठ लागतात. तार खांबाला स्वतःभोवती पिळते आहे का? पिळण्याचा आस म्हणजे खांबच, तेव्हा M ची खांबाच्या दिशेवरची सावली काढायची: (−१८, १२, ०) चा (०, ०, १) शी डॉट शून्य. तार खांबाच्या मध्यरेषेवर बांधली असेल तर पीळ नाही. आता तीच तार आडव्या क्रॉस आर्मवर, खांबापासून अर्धा मीटर पूर्वेला बांधली आणि जमिनीतलं टोकही तेवढंच पूर्वेला सरकवलं असं धरू. F तोच राहतो, r मात्र (०.५, ०, ६) होतो. वरचा घटक आता ०.५×३ − ०×२ = १.५. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने दीड किलोन्यूटन-मीटरचा पीळ क्रॉस आर्मवर आला, आणि क्रॉस आर्मला खांबाशी आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टना तो पेलावा लागतो.